धनेशाच्या फोटोखाली काय लिहावं

धनेशाचा फोटो झकास आलाय, पण त्याखाली तू लिहिलेल्या ओळीतलं देवराईचं नाव आणि ‘बेहड्याची ढोली’ काढून टाक. धनेश तीच ढोली वर्षानुवर्षं वापरतो, त्यामुळे पिल्लं उडाल्यावरही पत्ता जुना होत नाही. मादी आत लिंपून बसलेली असते. ढोलीखाली गर्दी दिसली की नर घास घेऊन यायला बिचकतो आणि आतले उपाशी राहतात.

असं लिही: ‘आधी पंखांचा भसभस आवाज आला, मग हा दिसला. घशातून एकेक उंबर वर काढत होता. कोकण, उन्हाळा.’ गोष्ट तेवढीच रंगते.

मागे देवळाचा कळस दिसतोय, तो कापून टाक. गावकरी लगेच ओळखतील. मोबाइलवरून टाकणार असशील तर फोटोतलं लोकेशनही पुस. कुणी खासगीत जागा विचारली तरी ‘कोकण’ एवढंच सांग.