अंधुक आणि कापलेला जपानी स्क्रीनशॉट वाचायचा कसा?

प्रश्न: जपानी ॲपमधल्या एका मेसेजचे दोन स्क्रीनशॉट मला कोणीतरी पाठवलेत. दोन्ही अंधुक आहेत आणि एकात उजवीकडचा मजकूर कापला गेलाय. क्रॉप करून, मोठे करून किंवा जोडून तो खात्रीने वाचता येईल का?

उत्तर: आधी पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल फोटो म्हणून नाही, तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवलेले चित्र चॅट ॲप बहुधा पुन्हा दाबून लहान करते, आणि त्यात गेलेल्या रेषा चित्र कितीही मोठे केले तरी परत येत नाहीत. मूळ फाइल मिळालीच नाही, तर पुढचे करा.

चित्र ४०० टक्के झूम करून एका कांजी, म्हणजे चिनी मूळच्या, अक्षराची उंची चित्राच्या मूळ पिक्सेलमध्ये मोजा. २० च्या आसपास असेल तर वाचता येण्याची आशा चांगली. १० च्या खाली असेल तर 議 सारख्या २० रेषांच्या अक्षराला तेवढ्या जागेत स्वतंत्र रेषाच उरत नाहीत. मग तो अंदाजच ठरतो.

क्रॉप आधी, मोठे करणे नंतर. हवी तेवढीच ओळ घ्या, पण चारही बाजूंना अर्ध्या अक्षराएवढी जागा सोडा. रंगीत अक्षरे जेपेगमध्ये जास्त फिसकटतात, कारण रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. म्हणून चित्र ग्रे करा. खालची पहिली आज्ञा ImageMagick ची आहे, दुसरी Tesseract या ओसीआरची, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामची. पार्श्वभूमी काळी असेल तर पहिल्या आज्ञेत -resize च्या आधी -negate घालून उलटवा.

```
magick a.png -crop 420x60+30+210 +repage -colorspace Gray -filter Lanczos -resize 200% a2.png
tesseract a2.png stdout -l jpn --psm 7
```

420x60 ही तुकड्याची रुंदी आणि उंची, 30 आणि 210 ही त्याची डाव्या-वरच्या कोपऱ्यापासूनची जागा. तुमचे आकडे घाला. psm 7 म्हणजे एकच ओळ. शार्पन फार लावू नका, अक्षराभोवती पांढरी कड येते आणि ओसीआर तिलाच रेघ समजते. चित्र ‘सुधारणारे’ एआय अपस्केलर तर इथे टाळाच. ते अक्षर स्वच्छ दाखवतात, पण ते कधीकधी भलतेच अक्षर असते आणि स्वच्छ दिसते म्हणून शंकाही येत नाही.

आता कापलेला भाग. समजा, पहिल्या चित्रात バックアップを復元できま एवढेच दिसते. जपानीत होकार-नकार वाक्याच्या शेवटी येतो. पुढे した असेल तर बॅकअप परत आणला गेला. せんでした असेल तर आणता आला नाही. म्हणजे नेमका निर्णायक भाग गेलाय.

इथे एक मोजमाप कामी येते. जपानी अक्षरे बहुतेक सारख्या रुंदीच्या चौकटीत बसतात. मेसेज डायलॉगच्या मध्यभागी असेल आणि वरचे शीर्षकही मध्यभागी असून पूर्ण दिसत असेल, तर शीर्षकाचा मध्य हाच ओळीचा मध्य. अक्षर २० पिक्सेल रुंद धरा. होकारी वाक्य १४ अक्षरांचे, म्हणजे २८० पिक्सेल. नकारी १७ अक्षरांचे, म्हणजे ३४०. ओळीची सुरुवात मध्यापासून १४० वर असेल तर पहिले, १७० वर असेल तर दुसरे. ३० पिक्सेलचा फरक अंधुक चित्रातही कळतो. पण नुसते せん, म्हणजे ‘आणता येत नाही’, हा शेवट धरला तरी वाक्य १४ अक्षरांचेच होते, म्हणून १४० वरून फक्त せんでした वगळता येते. मात्र काही ॲप काना, म्हणजे जपानी उच्चारलिपीची, अक्षरे जवळ जवळ बसवतात, म्हणून आधी दिसणाऱ्या दहा अक्षरांची रुंदी मोजून सरासरी काढा. मजकूर डावीकडून सुरू होत असेल तर ही युक्ती चालत नाही.

दुसऱ्या चित्रात शेवट दिसत असेल तर ते जोडा, पण प्रमाण जुळवून. दोन्हींत असलेले 復元でき मोजा: पहिल्यात ८० आणि दुसऱ्यात ६० पिक्सेल भरले, तर दुसरे १३३.३३ टक्के हवे. पहिले २०० टक्के करणार असाल तर दुसरे थेट २६६.६७ टक्के करा. दोनदा मोठे केले की कडा आणखी विरघळतात. वाचण्यासाठी मात्र चित्रे एकजीव करण्यापेक्षा प्रत्येक तुकडा वेगळा वाचून मजकूर जोडणे मला जास्त भरवशाचे वाटते. किमान तीन-चार अक्षरे दोन्हींत तंतोतंत सारखी आली पाहिजेत. नाहीतर ते तुकडे एकाच मेसेजचे आहेत याला आधार नाही.

ओसीआर プ ऐवजी ブ, シ ऐवजी ツ, 末 ऐवजी 未 देते. शंका असेल तिथे दोन्ही पर्याय स्वतः टाइप करा, त्यांचा स्क्रीनशॉट घ्या, तो तुमच्या चित्रातल्या अक्षराएवढा लहान करा, तेवढाच पुन्हा मोठा करा आणि शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सारखेच जुळत असतील तर त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. मग उरलेले वाक्य अवतरणचिन्हांत घालून त्या ॲपच्या जपानी मदत पानांवर शोधा. ठरावीक मेसेज असेल तर पूर्ण वाक्य तिथे सापडू शकते.