११ किलोच्या मुलीला पॅरासिटामॉल किती द्यायचं, आणि ताप पूर्ण उतरला नाही तर?

प्रश्न: मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन ११ किलो. काल रात्रीपासून १०३ ताप. पॅरासिटामॉल दिलं की १०१ पर्यंत येतो, चार-पाच तासांत पुन्हा चढतो. घरात एक १२५ ची बाटली आहे आणि एक २५० ची, शिवाय जुने ड्रॉप्स. नक्की किती द्यायचं? सासूबाई म्हणतात ताप डोक्यात जाईल. मेडिकलवाला दुसरं, स्ट्राँग औषध आलटून-पालटून द्या म्हणतोय. देऊ का?

उत्तर:

आधी हिशेब करू, कारण खरा धोका तिथे आहे. पॅरासिटामॉलचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ११ किलोला १५ ने गुणलं की १६५ मिलिग्रॅम. हा झाला तुमच्या मुलीचा एका वेळचा जास्तीत जास्त डोस. दोन डोसांमध्ये शक्यतो सहा तास जाऊ द्या, चाराच्या आत तर कधीच नको, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

आता बाटल्या. १२५ आणि २५० हे आकडे ५ एमएलमध्ये किती औषध आहे ते सांगतात. म्हणजे १२५ च्या बाटलीत एका एमएलमध्ये २५ मिलिग्रॅम, २५० च्या बाटलीत ५०. ड्रॉप्समध्ये बहुधा एका एमएललाच १०० मिलिग्रॅम असतात. बाळासाठीचं औषध म्हणजे सौम्य असणार असं वाटतं, पण ड्रॉप्स तिघांत सगळ्यात दाट असतात, कारण तान्ह्याच्या तोंडात थोडंच औषध मावतं. तुमच्या मुलीला १२५ च्या बाटलीतून साडेसहा एमएल लागतील, २५० च्या बाटलीतून ३.२ एमएल आणि ड्रॉप्समधून १.६ एमएल. औषध तेच, मात्रा तीच, फक्त पातळ-दाटपणाचा फरक.

घोळ कसा होतो पाहा. रात्री दोन वाजता '१२५ चं साडेसहा' हे लक्षात राहतं आणि हाताला २५० ची बाटली लागते. तिच्यातलं साडेसहा एमएल म्हणजे ३२५ मिलिग्रॅम, किलोमागे जवळपास ३०. असं एकदा झालं तर यकृताला सहसा काही होत नाही. पण दोन-तीन दिवस, दिवसातून चार वेळा हेच होत राहिलं, आणि मूल त्यात नीट खात नसलं, तर यकृत अडचणीत येतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग शरीरात विषारी पदार्थात बदलतो. यकृत आपल्याकडचा साठा वापरून तो निकामी करत असतं, आणि उपाशी, उलट्या करणाऱ्या मुलात तो साठा आधीच कमी झालेला असतो. पहिल्या दिवशी बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून कधी मोठी चूक झाली किंवा मुलीने बाटलीच तोंडाला लावली (२५० ची ६० एमएलची बाटली म्हणजे तब्बल ३००० मिलिग्रॅम), तर लक्षणांची वाट न बघता बाटली हातात घेऊन दवाखाना गाठायचा. यावर उतारा आहे, आणि पहिल्या आठ तासांत सुरू केला तर तो सगळ्यात चांगला लागू पडतो.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. १२५ चं 'अर्धा चमचा' म्हणून अडीच एमएल दिलं तर किलोमागे सहा मिलिग्रॅमही पडत नाही. ताप हलत नाही आणि मग 'पॅरासिटामॉल हिला लागूच पडत नाही' म्हणून दुसरं औषध येतं. तेव्हा मोजायला घरातला चमचा नको. मेडिकलमधून ५ एमएलची सुई नसलेली सिरिंज आणा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नका. बाटली आधी चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसतं. दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकली तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो, त्यानंतर ओकली तर नको. माझं ऐकाल तर तीनपैकी एकच बाटली ठेवा, तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनाने एमएल लिहा, आणि प्रत्येक डोसची वेळ कागदावर टिपा. घरात औषध देणारे हात दोन-तीन असले की हा कागद फार उपयोगी पडतो.

सर्दीचं सिरप चालू असेल तर त्याचं लेबल वाचा. बऱ्याच सर्दीच्या सिरपांत पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं, आणि गुदद्वारातून द्यायच्या गोळीतही तेच. ते सगळं दिवसाच्या चार डोसांतच धरायचं.

आता १०३ वरून १०१. हे औषध फसल्याचं लक्षण नाही, औषध असंच काम करतं. दिल्यावर अर्ध्या-एक तासात असर सुरू होतो, दोन-तीन तासांनी सर्वात जास्त असतो आणि चार ते सहा तासांत संपतो. तेवढ्यात ताप साधारण दोन-अडीच अंश फॅरनहाइट खाली येतो. मुळात जंतुसंसर्ग झाला की मेंदूतलं तापमानाचं केंद्र स्वतःच आपला काटा वर सरकवतं, गिझरचं बटण वर फिरवावं तसं. मग शरीर त्या आकड्यापर्यंत पोचायला थंडी वाजवतं, हातपाय गार पाडतं. पॅरासिटामॉल काही तास तो काटा थोडा खाली धरून ठेवतं. संसर्गाला ते हात लावत नाही, त्यामुळे आजार लवकर बरा होत नाही आणि औषध ओसरलं की ताप परततो. साध्या विषाणूच्या तापात दोन-तीन दिवस हे असंच चालतं. औषधाने ताप किती उतरला यावरून आजार साधा की गंभीर हेही कळत नाही.

मग द्यायचं कशासाठी? अंग दुखतंय, डोकं दुखतंय, चिडचिड होतेय, पाणी पीत नाही, झोप लागत नाही यासाठी. म्हणून १०३ ताप असूनही ती खेळत असेल, पीत असेल, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही, आणि शांत झोपली असेल तर डोससाठी उठवू नका. उलट १००.५ च असून घसा दुखतोय म्हणून ती घोटभर पाणीही घेत नसेल, तर जरूर द्या.

'डोक्यात जाईल' ही भीती मुख्यतः झटक्यांची असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटके येतात हे खरं, पण पॅरासिटामॉल वेळेवर देत राहिल्याने ते टळतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, त्यामुळे झटक्याच्या धास्तीने जादा डोस देण्यात अर्थ नाही. आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका (कांदा-चप्पल हुंगवण्यातही वेळ घालवू नका), घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल; थांबला तरी पहिलाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. संसर्गाच्या तापाने १०३-१०४ ला मेंदूला इजा होत नाही.

मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांनी कातडी गार होते, पण आतला काटा वरच राहतो, म्हणून मूल कुडकुडतं आणि रडतं. नकोत. उष्माघाताची गोष्ट वेगळी. मे महिन्यात उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेलं मूल तापलं तर तो काटा सरकलेला नसतो, बाहेरची उष्णता आत साठलेली असते. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी. ओलं करून वारा घालत तातडीने हॉस्पिटलला न्यायचं.

आलटून-पालटूनचा सल्ला ऐकू नका. दोन औषधं, दोन ताकदी, दोन वेळापत्रकं म्हणजे चुकीला आमंत्रण, आणि मिळतं काय तर थर्मामीटरवर अर्धा-एक अंश. त्यात पावसाळ्यात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड टाळायचं, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. नावापुढे 'प्लस' असलेल्या तापाच्या सिरपांत बरेचदा यांपैकी एक आणि पॅरासिटामॉल अशी जोडी असते. निमेसुलाइड तर आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे.

लक्ष कशावर ठेवायचं? डोस दिल्यावर तासाभराने मुलीकडे बघा, थर्मामीटरकडे नंतर. ताप थोडा उतरल्यावर ती डोळ्याला डोळा देते का, खेळणं मागते का, पेज किंवा ताक पिते का? तापाने श्वास आणि नाडी तशीच वाढलेली असते, म्हणून आजार किती खोल आहे ते उतारावर जास्त खरं कळतं. उतारावरही मलूल, उठवलं तरी पुन्हा मान टाकणारी, हे मला १०४ च्या आकड्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

मग श्वास मोजा. झोपेत किंवा शांत असताना, झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट. तिच्या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे जलद, आणि बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर लगेच निघायचं. लघवी बघा: सात-आठ तास कोरडी राहिली तर पाणी कमी पडतंय. काहीच पीत नाही, प्रत्येक घोट ओकते, मान आखडलीय, किंवा अंगावर असे लाल-जांभळे ठिपके आहेत जे काचेचा ग्लास दाबला तरी फिके होत नाहीत, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी न्या. यातलं काही नसेल तरी तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर दाखवायचंच. (तीन महिन्यांखालच्या बाळाचं गणित वेगळं: १००.४ ताप असला की घरी औषध न देता त्याच वेळी डॉक्टर.)

आकड्यावर विसंबणं सगळ्यात जास्त फसवतं ते डेंग्यूत. तिथे धोका ताप चढताना नसतो, उतरताना असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. त्या दिवसांत सतत पोटदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, एकाएकी सुस्ती किंवा चुळबुळ दिसली, तर थर्मामीटर ९८.६ दाखवत असला तरी सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नका.