ट्राउटनचा नियम निव्वळ पाठ करण्यापुरताच आहे का?

प्रश्न: «पुस्तकात दिलंय की बहुतेक द्रवांची उत्कलनबिंदूवरची बाष्पनाची एन्ट्रॉपी 85 ते 88 येते. पण पाण्याची 109 आणि ॲसिटिक ॲसिडची 61 येते. मग हा नियम निव्वळ पाठ करण्यापुरताच आहे का? प्रॅक्टिकलला त्याचा काही उपयोग होतो का?»

होतो. आणि मराठवाड्यात तर दर वर्षी ऑर्गॅनिकच्या प्रॅक्टिकलला होतो, फक्त तो कुणी लक्षात घेत नाही.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब 760 नसून सुमारे 710 मिलिमीटर असतो. टेबलातले उत्कलनबिंदू मात्र 760 चे असतात. म्हणजे विद्यार्थ्याने टोल्युईन घेतलं, सगळं नीट केलं, तर त्याला 108 मिळायला हवं आणि टेबल म्हणतं 110.6. जर्नलमध्ये 108 लिहिलं की समोरचा म्हणतो, "दोन अंशांची चूक आहे, परत घ्या." ही चूक नाही. हे बरोबर आलेलं रीडिंग आहे.

किती फरक पडायला हवा हे ट्राउटनच्या नियमातून दोन ओळींत निघतं. दाब बदलला की उत्कलनबिंदू किती सरकतो हे क्लॉशियस-क्लॅपेरॉन सांगतं. त्यात बाष्पनाची उष्णता भागिले उत्कलनबिंदू असा गट येतो, आणि तो गट म्हणजेच बाष्पनाची एन्ट्रॉपी. ती बहुतेक द्रवांना सारखीच असेल तर प्रत्येक द्रवाची उष्णता शोधत बसायची गरजच उरत नाही. 87 ला 8.314 ने भागलं की साडेदहा येतात:

```
ΔT = T × ln(760/p) ÷ 10.5
```

T केल्विनमध्ये आणि p मिलिमीटरमध्ये घ्यायचं. टोल्युईनसाठी T म्हणजे 383.8, ln(760/710) म्हणजे 0.068. गुणून भागलं की अडीच अंश. बेंझीनला 2.3, सायक्लोहेक्झेनलाही 2.3. नांदेड बरंच खाली आहे, तिथे दाब 730 च्या आसपास असतो, त्यामुळे तिथे टोल्युईनला दीड अंशच वजा होतो. संपूर्ण प्रयोगशाळेला एकच सूत्र पुरतं, आणि ते पुरतं याचं कारण हा नियमच.

आता रीडिंगबद्दल, कारण खरी गडबड इथे होते. फ्यूजन ट्यूबमध्ये चार-पाच थेंब द्रव, त्यात बंद टोक वर करून कॅपिलरी, आणि हे सगळं थर्मामीटरला बांधून थिले ट्यूबच्या पॅराफिनमध्ये. तापवत गेलं की कॅपिलरीच्या खालच्या तोंडातून आधी एकेक बुडबुडा येतो, मग बुडबुड्यांची माळच लागते. इथे बर्नर काढायचा. माळ मंदावते, थांबते, आणि द्रव कॅपिलरीत वर चढायला लागतो. तो चढायला लागला त्या क्षणाचं तापमान हाच उत्कलनबिंदू, कारण त्या वेळी आतल्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेएवढा झालेला असतो. माळ जोरात चालू असताना वाचलं तर आकडा दोन-तीन अंश जास्त येतो.

म्हणजे आपल्याकडे काय होतं बघा. जो घाईने माळेवरच वाचतो त्याला 110 किंवा 111 मिळतं, ते टेबलाशी जुळतं आणि पूर्ण गुण पडतात. जो थांबून, द्रव चढताना वाचतो, त्याला 108 मिळतं आणि त्याचे गुण कापले जातात. हा अन्याय आहे, आणि याबद्दल मी आजवर अनेकांशी भांडलो आहे.

थर्मामीटरच चुकीचा दाखवत असेल, हा आक्षेप रास्त आहे आणि तो तपासता येतो. त्याच ट्यूबमध्ये डिस्टिल्ड पाणी घ्या. पाण्याला साडेदहाऐवजी 13.1 ने भागायचं, म्हणजे 1.9 अंश, आणि पाणी 98.1 ला उकळायला हवं. थर्मामीटर 98 दाखवत असेल तर तो ठीक आहे. 100 दाखवत असेल तर एक तर थर्मामीटर चढा आहे किंवा तुम्ही माळेवर वाचलं आहे. दाबाचा आकडा मात्र फिजिक्सच्या लॅबमधल्या पाऱ्याच्या बॅरोमीटरवरून घ्या. हवामानाच्या बातमीतला 1010 हेक्टोपास्कल घेऊ नका. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला दाब असतो, आणि तो वापरला तर दुरुस्ती जवळजवळ शून्य येते.

राहिला तुमचा पाण्याचा आणि ॲसिटिक ॲसिडचा प्रश्न. पाणी आणि अल्कोहोल यांच्या द्रवात हायड्रोजन बंधांमुळे रेणू एकमेकांना धरून असतात. वाफेत ते सुटतात, म्हणून एन्ट्रॉपीतली वाढ जास्त, 104 ते 110. ॲसिटिक ॲसिडचं उलट आहे. तिथे रेणू वाफेतही जोडीजोडीने राहतात. उत्कलनबिंदूजवळ वाफेची घनता मोजली तर सरासरी रेणुभार 60 ऐवजी 95 च्या आसपास निघतो. म्हणजे तुम्ही 60 ग्रॅमला "एक मोल" म्हणून 61 काढलं, पण त्यातून एक मोल वाफ झालेलीच नाही. 95 ग्रॅमला मोल धरा: 61 गुणिले 95 भागिले 60, सुमारे 96.

हा केवळ हिशेबाचा खेळ नाही, हे थिले ट्यूबमध्येही दिसतं. 61 वरून भाजक 7.3 येतो आणि दुरुस्ती 3.6 अंश निघते. 96 वरून भाजक 11.5 येतो आणि दुरुस्ती 2.3 अंश. ॲसिटिक ॲसिड 760 ला 118 वर उकळतं. बाष्पदाबाच्या आकड्यांप्रमाणे 710 ला ते 115.7 च्या आसपास उकळतं, म्हणजे 2.3 च बरोबर. त्यामुळे "ॲसिटिक ॲसिड नियम मोडतं" असं परीक्षेत लिहू नका. मोल कशाचा धरला ते लिहा.

एक सांगायचं राहिलं. हे सूत्र 760 च्या आसपासच्या दाबालाच चालतं. व्हॅक्युम डिस्टिलेशनला 20 मिलिमीटरवर ते लावू नका, बऱ्याच अंशांनी चुकेल. आणि फार कमी तापमानाला उकळणाऱ्यांना 87 धरता येत नाही: मिथेन 73, हायड्रोजन 44, हेलियम तर 20. दाब सारखा असला तरी थंड वाफेला जागा कमी मिळते, हे त्यातलं मोठं कारण.

जर्नलमध्ये नुसतं "उत्कलनबिंदू 108" लिहू नका. "710 मिमी दाबाला 108, 760 ला दुरुस्त करून 110.5" असं लिहा आणि खाली सूत्राची ती एक ओळ मांडून दाखवा. मग बाह्य परीक्षकांना गुण कापायचे असतील तर त्या ओळीतली चूक दाखवावी लागेल.