पॉलिसी लॅप्स झालीये? आधी गाडी पार्किंगमध्येच ठेव

भावा, गाडीचा इन्शुरन्स संपून १२ दिवस झालेत ना, मग रिन्यूअलच्या इन्स्पेक्शनसाठी गाडी घेऊन जाऊ नकोस, सर्व्हेअरलाच बिल्डिंगखाली बोलव किंवा ॲपवरून व्हिडिओ काढ, कारण या गॅपमध्ये कोणाला धडकलास तर थर्ड पार्टीची भरपाईसुद्धा तुझ्याच खिशातून जाणार. गाडी धुऊन उजेडात चारही बाजू, काच, चेसिस नंबर, मीटर नीट दाखव. जुना डेंट लपवू नकोस, तो रिपोर्टमध्ये लिहिला जातो आणि नंतर त्याचा क्लेम मिळत नाही. माझ्या गाडीत गॅपमध्येच हिंदमाताला पाणी शिरलं, नंतर रिन्यू केलं तरी इंजिनचा खर्च मलाच पडला. पैसे भरले म्हणजे कव्हर चालू असं समजू नकोस, पॉलिसीवरची सुरू व्हायची तारीख आणि वेळ बघ, मगच चावी फिरव. आणि ९० दिवसांच्या आत कर रे, नाहीतर नो क्लेम बोनस जाईल.