चवथीपर्यंत पंचवीस हजार?

*"मुलगी बारावी सायन्स, 61 टक्के. पुढे शिकायचं सोडून स्वयंपाकघरातल्या रॅकवर सहा ट्रे मांडून मायक्रोग्रीन्स विकते. मी म्हटलं, गणेश चवथीपर्यंत महिन्याला पंचवीस हजार सुटून दाखव, नाहीतर ट्रे भंगारात आणि सरकारी भरतीचा क्लास. व्हिडिओत एका ट्रेला किलोभर माल दाखवतात, हिचा निघतच नाही. शेवटी मीच सुचवलं म्हणून आता मूग आणि मेथीचे मोडही काढते. मोडांचे रोज तीस डबे मी पणजीला ऑफिसात नेतो, दुपारपर्यंत खपतात. अभ्यासाऐवजी वहीत काहीबाही लिहीत बसते, पानाचा फोटो जोडलाय. काय करावं?"*
*– एक वडील, फोंडा*

टक्क्यांचं नंतर बघू. आधी ते तीस डबे बंद करा, उद्यापासूनच.

मोड आणि मायक्रोग्रीन्स ही एकाच मालाची दोन रूपं आहेत, असा तुमचा समज दिसतो. तसं नाही. मायक्रोग्रीन्स कोकोपीटवर उजेडात वाढतात, आठवड्याभरात वरचा देठ-पान कापायचा, मूळ आणि बी ट्रेमध्येच राहतं. मोड मात्र बी-मुळासकट खायचे असतात आणि ते वाढतात दमट, उबदार, अंधाऱ्या जागी. बियांच्या फटीत जंतू असले तर अशा दोन दिवसांत तेही मोडाबरोबर वाढतात. शेवटी कितीही पाण्यातून काढा, ते धुऊन जात नाहीत. वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे डबा बघून काही कळायचं नाही. 2011 साली जर्मनीत पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि हजारो आजारी पडली, ती कच्च्या मोडांमुळे. तपासात बोट गेलं ते मेथीच्या बियांकडे.

आपल्याकडे मुगाच्या गाठी पिढ्यान् पिढ्या खातात, मग आत्ताच काय झालं, असं तुम्ही म्हणाल. अहो, गाठी आपण खोबऱ्याच्या वाटपात रटरट शिजवतो. तुमच्या ऑफिसातली डाएटवाली मंडळी ते मोड लिंबू पिळून कच्चे खातात आणि त्याआधी डबा बसमध्ये, मग टेबलाखाली, दुपारपर्यंत उन्हाळ्यापावसाळ्याच्या उबेत पडून असतो. धोका तिथे आहे.

यात पैसे सुटतात, हे मी नाकारत नाही. सव्वा किलो मुगाचे तीन किलो मोड होतात. शंभर ग्रॅमचा डबा वीस रुपयांना धरला तर सहाशे रुपये आले, मूग आणि डबे मिळून तीनशे गेले. रोज तीनशे हातात. म्हणूनच तुम्हाला मोह पडला. पण कोणी आजारी पडलं तर नाव तुमचं नाही, मुलीचं जाईल. मेथीचे मोड कायमचे थांबवा. मुगाचे विकायचेच असतील तर खाद्यपदार्थ विक्रीची नोंदणी करून, फ्रीजमधून थेट बर्फाच्या पिशवीत नेऊन आणि डब्यावर ठळक "शिजवूनच खा" लिहून.

आता त्या पंचवीस हजारांकडे येते. ही अट तुम्ही कुठला हिशेब करून घातलीत? कारण हिशेब मुलीच्या वहीतच आहे. फोटोत दिसतंय: मुळा, 30 ग्रॅम बी, आठवा दिवस, 230 ग्रॅम. दहा बाय वीस इंचाच्या ट्रेला मुळ्याचं हे उत्पन्न चांगलं म्हणावं असंच आहे. किलोभर निघत नाही, कारण निघूच शकत नाही.

तिच्या रॅकवर आठवड्याला सहा ट्रे निघतात असं धरू. पहिले तीन दिवस ट्रे वजन ठेवून एकावर एक रचलेले असतात, त्यांना फळीवर वेगळी जागा लागत नाही, म्हणून हे जमतं. सहातला एक बुरशीने जातो. उरलेल्या पाचांतून अकराशे ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅमचे बावीस डबे. तीन पडून राहतात. एकोणीस डबे ऐंशी रुपयांनी गेले तर पंधराशे वीस. बी नव्वद, कोकोपीट सत्तर, डबे-लेबलं एकशे तीस, वीज तीस, पेट्रोल दीडशे. आठवड्याला हजार-साडेदहाशे उरतात, महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. तुमच्या आकड्याला असे पाच-सहा रॅक लागतील आणि आठवड्याला शंभरावर गिऱ्हाइकं. स्वयंपाकघरात मग स्वयंपाक कुठे करणार?

त्यात मुदत दिलीत चवथीची, म्हणजे ऐन पावसाची. जुलै-ऑगस्टात गोव्याच्या हवेत ट्रे सुकतच नाही. बी दाट पडलं, वरून पाणी मारलं, पंखा नसला की चौथ्या दिवशी देठ बुडाशी कुजून आडवे पडतात. सहातला एक जाणं हे कोरड्या दिवसांतलं, पावसात दोन जातात. आणि चवथीच्या आठवड्यात पणजी-पर्वरीचे फ्लॅटवाले आपापल्या मूळ घरी निघून जातात. कापलेला माल फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतो, त्यापुढे नाही. तुम्ही मुलीची परीक्षा घेतली नाहीत, ती नापास व्हावी अशी तारीख निवडलीत. रागावू नका, मुद्दाम केलंत असं म्हणत नाही. पण ती अट पुरी करायच्या धडपडीतूनच ते कच्चे मोड घरात आले, हे लक्षात घ्या.

आता ती वही. तिने लिहिलंय: "ट्रे 14, तिसरा दिवस, मुळाशी पांढरं. फवारा मारला, गेलं. ट्रे 15, पांढरं देठांवर जाळ्यासारखं, फवाऱ्याने गेलं नाही, वास." पहिलं पांढरं म्हणजे मुळांचे केस, पाणी लागलं की बसतात. दुसरी बुरशी. नवशिके हे पांढरं बघून चांगले ट्रे फेकून देतात. तिने स्वतः फरक शोधला आणि पुढच्या ओळीत बी तीसवरून पंचवीस ग्रॅमवर आणलं, पाणी खालच्या ताटात द्यायला लागली. याला तुम्ही "काहीबाही" म्हणता? एकसष्ट टक्क्यांपेक्षा मी या पानावर जास्त विसंबेन.

तिने शिक्षण सोडावं असं मात्र माझं मुळीच म्हणणं नाही, तिलाही हे वाचून दाखवा. साडेचार हजार हा जोडधंदा आहे, करिअर नव्हे. बारावीला जीवशास्त्र असेल तर सुळकर्णेच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीची चौकशी करा. यंदाचे प्रवेश उरकले असतील तर वर्ष घालवू नका, जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बसवा. ट्रेवर कोण उगवतंय आणि का, ते तिथेच कळेल. जुने गोवेच्या कृषी विज्ञान केंद्रात तिला एकदा वही घेऊन जाऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा. भरतीची परीक्षा पदवीनंतरही देता येते.

रॅक राहू दे. पावसात सहाऐवजी तीनच ट्रे लावू दे, मुळा आणि मोहरी, ठरलेल्या आठ-दहा घरांसाठी आधी पैसे घेऊन. म्हणजे पडून राहणारे डबे संपतील. बी मात्र पेरणीच्या दुकानातलं रंगीत घेऊ नका. गुलाबी-हिरव्या रंगाचं बी बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते खाण्याच्या पिकाला चालत नाही. भंगारवाल्याला सांगून ठेवलं असेल तर नाही म्हणून कळवा.

आणि वहीची पुढची पानं पाठवायची असतील तर या वेळी तिला विचारून पाठवा.