‘विश्वासांतर’ की ‘विश्वास अंतराल’? आणि विश्वास नेमका कशावर?

प्रश्न : एम.ए. समाजशास्त्राच्या वर्गाला संशोधनपद्धती शिकवते. ‘कॉन्फिडन्स इंटर्व्हल’साठी नोट्समध्ये कुठे ‘विश्वासांतर’ तर कुठे ‘विश्वास अंतराल’ सापडतो. योग्य कोणता? आणि मुले ‘खरा आकडा या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के’ असे लिहितात, ते चूक का?

‘विश्वास अंतराल’ घ्या. ‘अंतर’ म्हटले की मराठी कानाला लांबी किंवा फरक ऐकू येतो. ‘विश्वासांतर’ तर विश्वासात पडलेल्या अंतरासारखे वाटते. ‘अंतराल’ म्हणजे दोन टोकांमधली जागा. देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या भागालाही हाच शब्द आहे, म्हणून मला तो आवडतो.

खरी अडचण ‘विश्वास’ या शब्दाची आहे. आपण विश्वास समोरच्या वस्तूवर ठेवतो, त्यामुळे मुले तो हाती आलेल्या दोन आकड्यांवर ठेवतात. ही कल्पना मांडणाऱ्या नेमन यांनी १९३० च्या दशकात ‘संभाव्यता’ हा शब्द मुद्दाम बाजूला ठेवला होता. त्यांचा भरवसा होता रीतीवर. मराठीत याला जवळचा शब्द आहे ‘हातगुण’. वैद्याला हातगुण आहे म्हणजे त्याच्याकडे गेलेले बहुतेक रोगी बरे होतात. अमुक एक रोगी बरा झालाच असे त्यातून ठरत नाही. ९५ टक्के हा सूत्राचा हातगुण आहे.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून मी वर्गात खोटी जनमत चाचणी घेतो. एक काल्पनिक तालुका, प्रश्न ‘दारूबंदी हवी का?’ आणि खरे उत्तर आधीच फळ्यावर : ४२ टक्के लोक ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्षात हा आकडा कधीच दिसत नाही. इथे तो दिसतो, एवढ्यासाठीच हा खटाटोप. चाळीस विद्यार्थी, प्रत्येकाचा ४०० जणांचा यादृच्छिक नमुना. ‘आर’मध्ये तीन ओळी पुरतात :

```
p <- rbinom(40, 400, 0.42) / 400
m <- 1.96 * sqrt(p * (1 - p) / 400)
sum(p - m > 0.42 | p + m < 0.42)
```

समजा, एकीला १८४ ‘हो’ मिळाले, म्हणजे ४६ टक्के. तिचा अंतराल ४१.१ ते ५०.९, त्यात ४२ आहे. शेजारच्याला १९० मिळाले, म्हणजे ४७.५ टक्के. त्याचा अंतराल ४२.६ ते ५२.४; ४२ बाहेर. आता त्याला ते नेहमीचे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा : ‘खरा आकडा ४२.६ ते ५२.४ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के.’ फळ्याकडे पाहून वर्ग हसतो. शेजारणीचा अंतराल बरोबर आहे, याचा चुकला आहे. दोन्हीकडे ‘९५ टक्के’ असे काही उरलेलेच नाही. चाळिसांत सरासरी दोन चुकतात. बरोबर दोनच चुकले पाहिजेत असा हट्ट मुले धरतात, तेव्हा पुन्हा चालवून दाखवा : साधारण आठांतून एकदा एकही चुकत नाही, कधी चार चुकतात.

चूक वाक्याच्या कर्त्यातही आहे. ‘खरा आकडा अंतरालात पडतो’ म्हटले की आकडा हलतो आहे असे वाटते. तो तालुक्यात ठिय्या देऊन बसला आहे; नमुन्यागणिक हलतो तो अंतराल. म्हणून कर्ता बदला : ‘या रीतीने काढलेल्या दर १०० अंतरालांपैकी सुमारे ९५ खऱ्या आकड्याला कवेत घेतात, हा त्यांतला एक.’

दुसरा गैरसमज, ‘९५ टक्के लोकांचे मत या दोन आकड्यांमध्ये आहे’, एका प्रश्नाने गळतो : ज्याचे मत ४६ टक्के आहे असा माणूस दाखवा. प्रत्येकाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. तिसरा जास्त चिवट आहे : ‘पुन्हा चाचणी घेतली तर ९५ टक्के वेळा निकाल याच अंतरालात येईल.’ नवा नमुनाही हलतो आणि जुन्या अंतरालाच्या नेमक्या मध्यावर खरा आकडाही नसतो, त्यामुळे हे प्रमाण सुमारे ८३ टक्केच भरते. चाळिसांना जोड्या लावून एकमेकांचे आकडे तपासायला सांगा, सहा-सात निकाल बाहेर जाताना दिसतील.

शेवटी मी एक खोडी काढतो. ‘हो’वाले ‘नाही’वाल्यांच्या निम्म्यानेच उत्तर देतात असे धरतो, म्हणजे दुसऱ्या ओळीआधी नमुना ०.४२ ऐवजी ०.२६६ ने काढतो. अंतराल २७ टक्क्यांच्या आसपास जमतात आणि चाळीसच्या चाळीस चुकतात. सूत्र तेच, छापील ९५ही तेच. न बोलणाऱ्यांची चूक या अंतरालात मोजलीच जात नाही.

राहता राहिले ‘विश्वासांतर’. वरचे वाक्य नीट लिहिणाऱ्या मुलाचा त्या शब्दापायी मी गुण कापत नाही.