एकच प्रसंग, एका वेळी एकच बदल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

वर्गात न्यायावर चर्चा घेण्यासाठी तू तयार करून पाठवलेली चौदा प्रश्नांची यादी मी सावकाश वाचली आणि तिच्याखाली लिहिलेली अडचणही वाचली. मुले गोलात बसली, दहा मिनिटे भरभरून बोलली, मग एका मुलीने ‘ज्याला जे योग्य वाटते तेच त्याच्यासाठी न्याय्य’ असे म्हटले, सर्वांनी माना डोलावल्या आणि चर्चा तिथेच थांबली. अशा वेळी खरे उत्तर सांगून टाकावे की गप्प राहावे, असे तू विचारतेस. माझ्या मते दोन्ही करू नये. ती मुलगी आळसाने बोललेली नाही. तुझ्या यादीने तिला दुसरे काही बोलायला वावच ठेवला नव्हता. पहिला प्रश्न खेळातल्या नियमांविषयी, दुसरा भावंडांविषयी, तिसरा रांगेविषयी, चौथा शिक्षेविषयी. प्रत्येक प्रसंगात मुले एक वरवरचे उत्तर देतात, आणि ते उत्तर टिकते का हे पाहण्याआधीच तू त्यांना पुढच्या प्रसंगात नेतेस. चार प्रसंगांत चार वेगळी उत्तरे मिळाली, तर सगळेच मतावर अवलंबून आहे असा निष्कर्ष कोणीही काढील.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: पूर्ण तासाला एकच प्रसंग घे आणि त्यात एका वेळी एकच गोष्ट बदल. हे मी गेली अनेक वर्षे तरुण शिक्षकांना सांगत आलो आहे, आणि हे फार सोपे आहे असे वाटून ते दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात, याचे मला वाईट वाटते. ही रीत माझी नव्हे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात वृद्ध सेफालसच्या बोलण्यातून न्यायाची एक कल्पना पुढे येते: खरे बोलावे आणि ज्याचे घेतले त्याचे त्याला परत करावे. सॉक्रेटिस विषय बदलत नाही. तो विचारतो की मित्राने शुद्धीत असताना शस्त्र ठेवायला दिले आणि भ्रमिष्ट झाल्यावर ते परत मागितले, तर ते द्यावे का? शस्त्र तेच, मित्र तोच, वचन तेच. बदलली आहे फक्त मित्राच्या मनाची अवस्था. त्यामुळे पहिले उत्तर नेमके कुठे अपुरे पडले हे दिसते. त्या जागी त्याने सहा वेगळी उदाहरणे दिली असती, तर काहीच दिसले नसते.

आता तुझ्या वर्गासाठी एक प्रसंग घेऊ. तीन मुलांनी मिळून एक प्रकल्प केला. शिक्षकांनी गटाला एकूण 60 गुण दिले आणि वाटणी तुम्हीच करा असे सांगितले. पहिल्या मुलीने 3 तास काम केले आणि प्रकल्पाचा निम्मा भाग तिचा आहे. दुसऱ्या मुलाने 7 तास काम केले आणि पाव भाग त्याचा आहे. तिसऱ्या मुलीने 2 तास काम केले आणि उरलेला पाव भाग तिचा आहे. यापेक्षा अधिक काही सांगू नकोस. मुलांना नावेही देऊ नकोस, कारण नाव ऐकले की वर्गातला कोणीतरी आठवतो. त्याच कारणासाठी वर्गात नुकताच झालेला खरा वाद कधीही घेऊ नये. त्यात मुले न्यायाचा विचार करत नाहीत, मित्राची बाजू राखतात.

पहिला प्रश्न: ‘तुम्ही वाटणी कशी कराल आणि का?’ हे प्रत्येकाने बोलण्यापूर्वी कागदावर लिहायचे. साधारणपणे तीन वाटण्या पुढे येतील. सारखी वाटणी म्हणजे 20, 20, 20. तासांप्रमाणे 15, 35, 10. झालेल्या कामाप्रमाणे 30, 15, 15. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिही आणि क्षणभर काहीच बोलू नकोस. तीच तीन मुले, तेच काम, आणि दुसऱ्या मुलाला एका मोजमापाने 35 तर दुसऱ्या मोजमापाने 15 गुण मिळतात, हे मुलांना स्वतः दिसले पाहिजे. इथे घाई करणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ते किमान तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात व अधिक मुले बोलू लागतात. तीन सेकंदसुद्धा ज्याला सोसवत नाहीत, त्याने गोल बैठक घेऊ नये.

यानंतरचे प्रश्न यादीतून वाचायचे नसतात. फळ्यावरच्या उत्तरांतून ते निवडायचे असतात. सारखी वाटणी करणाऱ्यांना विचार: ‘तिसरी मुलगी एकदाही आली नसती, तरी तिला 20 दिले असते का?’ बहुतेक जण नाही म्हणतील. मग कामाला काही ना काही वजन आहे हे त्यांनीच मान्य केले. तासांप्रमाणे वाटणाऱ्यांना विचार: ‘दुसरा मुलगा मुद्दाम सावकाश काम करत होता असे कळले, तर?’ त्यांना आता तास आणि कष्ट यांत फरक करावा लागेल. झालेल्या कामाप्रमाणे वाटणाऱ्यांना विचार: ‘पहिल्या मुलीला हे काम आधीपासून कोणीतरी घरी शिकवले होते असे कळले, तर?’ तिची गती तिच्या कष्टांची की तिच्या नशिबाची, हा वाद इथे पेटतो, आणि तो पेटला की तू पूर्ण मागे सरकावे. प्रत्येक प्रश्नात एकच गोष्ट बदलली आहे, हे लक्षात ठेव. तू एकाच वेळी दुसऱ्याला आळशी आणि पहिलीला भाग्यवान केलेस, तर मुलाचे मत कशामुळे बदलले हे ना त्याला कळेल ना तुला.

सर्वात समृद्ध वळण तिसऱ्या मुलीचे आहे. ‘ती दोनच तास का आली?’ असे एखादे मूल विचारतेच. तेव्हा उत्तर देऊ नकोस. उलट विचार: ‘कोणते कारण कळले तर तुम्ही वाटणी बदलाल, आणि कोणते कळले तर बदलणार नाही?’ मग दोन कारणे समोर ठेव. एकदा ती घरी आजारी माणसाची शुश्रूषा करत होती, आणि एकदा ती खेळायला गेली होती. काम दोन्ही वेळा पावच झाले आहे. झालेल्या कामाप्रमाणे वाटणी करणाऱ्या ज्या मुलाने पहिल्या कारणासाठी तिला 15 ऐवजी 20 दिले, तो आता निव्वळ काम मोजत नाही. अडचणही मोजतो आहे. त्याला हे सांगू नकोस. ‘हे वरचे पाच गुण कोणाकडून आले?’ एवढेच विचार. एकूण 60च असल्यामुळे ते दुसऱ्या दोघांपैकी कोणाच्या तरी वाट्यातून आले आहेत, आणि सहानुभूतीची किंमत दुसरेच कोणी देत आहे हे लक्षात आल्यावर वर्ग जसा विचारात पडतो, तसा तुझ्या चौदा प्रश्नांपैकी एकानेही पडणार नाही.

आता त्या मुलीकडे ये, जिच्या वाक्याने तुझी बैठक थांबली. तिच्यासाठीही प्रसंग बदलण्याची गरज नाही. विचार: ‘पहिल्या मुलीला सगळे 60 गुण स्वतः घेणे योग्य वाटते. उरलेल्या दोघांना तक्रार करता येईल का? ते काय म्हणतील?’ ते ‘आम्हाला आवडले नाही’ एवढेच म्हणणार नाहीत. ते कारण देतील, आणि ते कारण पहिलीलाही पटावे अशी त्यांची अपेक्षा असेल. आपल्याला वाटणे आणि दुसऱ्याला पटेल असे कारण देता येणे यांतले अंतर मुलीला स्वतःला सापडले, तर तुला काहीच सांगावे लागत नाही.

दोन प्रश्न शेवटासाठी राखून ठेव. पहिला: ‘आपण तिघांपैकी कोण असणार हे माहीत नसताना वाटणीचा नियम ठरवायचा असता, तर कोणता ठरवला असता?’ हा तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये मांडलेल्या अज्ञानाच्या पडद्याचा साधा अवतार आहे. त्याची मर्यादा मात्र ओळखून राहा. पुष्कळ मुले ‘सारखी वाटणी’ म्हणतात, कारण त्यांना धोका नको असतो. थोडी मुले पैज लावल्यासारखी उत्तरे देतात. म्हणून लगेच विचारावे: ‘हा नियम न्याय्य आहे म्हणून निवडला की सुरक्षित आहे म्हणून?’ हाच प्रश्न सुरुवातीला ठेवला तर मुले सुरक्षिततेलाच न्याय समजून बसतात. दुसरा प्रश्न संमतीचा आहे: ‘तिघांनीही 40, 10, 10 अशी वाटणी मान्य केली, तर ती न्याय्य झाली का?’ बहुतेक जण हो म्हणतील. मग एकच बदल कर: तिसरीने पहिलीला घाबरून होकार दिला होता.

तू अमर्त्य सेन यांचे बासरीचे उदाहरण वापरू का असे विचारले आहेस. एकच बासरी कोणाला द्यावी, या प्रश्नातली 2009च्या त्यांच्या ग्रंथातली ती तीन मुले, म्हणजे जिला बासरी वाजवता येते ती, ज्याच्याकडे दुसरे खेळणेच नाही तो, आणि जिने ती बासरी घडवली ती, मला अतिशय प्रिय आहेत. तिन्ही कारणे एकाच वेळी भक्कम असू शकतात, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचित दिसते. परंतु तिथे प्रत्येक मुलाला एकच कारण दिलेले आहे, त्यामुळे वर्ग तीन गटांत वाटला जातो आणि आपापल्या गटाची बाजू लढवतो. आमच्या प्रसंगात एकाच मुलीत कौशल्य, कष्ट आणि नशीब गुंतलेले आहे, म्हणून एकाच मुलाच्या मनात वाद सुरू होतो. बासरी पुढच्या आठवड्यासाठी ठेव.

माझ्यावर एक आक्षेप आयुष्यभर घेतला गेला, आणि तो तुझ्यावरही येईल: तास संपला तरी फळ्यावर निष्कर्ष नाही, मग मुले शिकली काय? निष्कर्ष लिहून द्या असे मला वरिष्ठांनी अनेकदा सुचवले. मी लिहिला नाही, आणि मी आज वर्गावर असतो तरी लिहिला नसता. शिक्षक शेवटी उत्तर लिहितो हे मुलांना एकदा समजले की पुढच्या बैठकीत ती एकमेकांकडे न पाहता शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात, आणि त्याच्या भुवईवरून उत्तर ओळखतात. तुझ्या बैठकीत मुले कोणाकडे पाहून बोलतात, हे एकदा नीट पाहा. याचा अर्थ सगळी उत्तरे सारखी आहेत असा मी कधीच मानला नाही. जे उत्तर एका बदलानंतर स्वतःच्याच कारणाशी विसंगत झाले, ते कमकुवत आहे, आणि तसे स्पष्ट म्हणायला मुलांना शिकवावे. माझा हट्ट एवढाच होता की तो कमकुवतपणा मुलांनी शोधावा.

शेवटची पाच मिनिटे बोलणे थांबवून पहिल्याच कागदावर, पहिल्या उत्तराच्या खाली, प्रत्येकाला पुन्हा वाटणी आणि कारण लिहायला सांग. ते कागद वाचताना आकडे बदलले का हे पाहू नकोस. 20, 20, 20 वरच ठाम राहिलेल्या मुलाने पहिल्यांदा ‘सगळे सारखे’ असे लिहिले असेल आणि दुसऱ्यांदा ‘कोणाचे कष्ट किती हे आम्हाला बाहेरून मोजता येत नाही, म्हणून’ असे लिहिले असेल, तर तो मुलगा तासाभरात फार पुढे गेला आहे. उलट आकडे बदलले पण कारण तेच राहिले, तर त्याने शेजाऱ्याचे ऐकले एवढेच. ही बैठक घेतल्यावर मला चर्चेचे वर्णन पाठवू नकोस. कागदांवरची पहिली आणि दुसरी कारणे, मुलांच्याच शब्दांत, उतरवून पाठव.

तुझा,
एक जुना शिक्षक